चार बाजू आणि एक कर्ण

माझा भाचा शाळेत गणित शिकवतो. गावाबाहेर एक प्लॉट घ्यायचं त्यानं ठरवलं, विसार द्यायचा दिवसही ठरला, आणि आदल्या रविवारी तो हातात एक घडी घातलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. लेआउटच्या नकाशाची ती प्रत होती. कोपऱ्यात ‘प्रमाण १:५००’ असं छापलेलं होतं आणि प्लॉटभोवती पेन्सिलीनं त्यानं स्वतः घेतलेली मापं लिहिली होती.

“मामा, हा माणूस मला प्लॉट ३३६ चौरस मीटर सांगतोय. मी पट्टीनं मोजून काढलं तर २९७च भरतं. जवळजवळ चाळीस मीटर कमी. प्रत्येक बाजू अर्धा-पाऊण मीटरनं खोटी लिहिली आहे.”

मी पंचवीस वर्षं असे नकाशे काढतो आहे. विकणाऱ्याचा आकडा चुकीचा असावा हे कागद पाहताच मला वाटलं. पण भाच्याचाही आकडा चुकीचा होता, आणि दोघांच्या चुकांची कारणं अगदी वेगळी होती. पट्टी घेऊन नकाशावर बसणाऱ्या कुणालाही या दोन चुका हमखास भेटतात, म्हणून ती दुपार जशी गेली तशी सांगतो.

आधी कागदाची चूक. १:५०० याचा अर्थ जमिनीवरचं अंतर कागदावर पाचशे पटीनं लहान केलं आहे. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५०० मिलिमीटर, अर्धा मीटर. हे भाच्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं प्लॉटची रस्त्याकडची बाजू मोजली ती २९ मिलिमीटर भरली, म्हणजे साडेचौदा मीटर. नकाशात त्या बाजूवर १५.०० लिहिलं होतं. बाकीच्या बाजू त्याला २१.२५, १६.५ आणि १९.५ मीटर भरल्या होत्या. लिहिलेली मापं होती २२, १७ आणि २०. चारही बाजू कमी, म्हणजे चारही ठिकाणी फसवणूक, असा त्याचा निष्कर्ष.

मी त्याला तूट मीटरमध्ये न बघता टक्क्यांत बघायला सांगितलं. पंधरातले अर्धा मीटर गेले तर तीन टक्क्यांहून थोडे जास्त. बावीसमधले पाऊण गेले तरी तेवढेच. वीसमधले अर्धा गेले तर अडीच टक्के. म्हणजे प्रत्येक बाजू साधारण तीनच टक्क्यांनी आखूड भरत होती. कुणी मापं खोटी लिहिली असती तर ती अशी एका प्रमाणात खोटी निघाली नसती. एकाच प्रमाणात सगळं आखूड भरतं तेव्हा अख्खा कागद आक्रसलेला असतो.

आणि कागद तसा आक्रसतो हे रोजचं आहे. संगणकातला नकाशा छापताना ‘पानात बसव’ असा पर्याय बहुतेक वेळा आधीच निवडलेला असतो. छपाईयंत्राला कागदाच्या कडेला थोडी जागा मोकळी सोडावी लागते, म्हणून ते सगळं चित्र तीन-चार टक्क्यांनी लहान करून छापतं आणि तसं कुठेही नोंदवत नाही. ‘प्रमाण १:५००’ ही अक्षरंसुद्धा तेवढीच लहान होऊन छापली जातात, पण अक्षरांचा अर्थ काही लहान होत नाही. नकाशा मोठ्या कागदावरून निम्म्या कागदावर उतरवला तर फरक एवढा मोठा असतो की तो कुणाच्याही लक्षात येतो. तीन टक्के मात्र कुणाला दिसत नाहीत.

म्हणून कोणत्याही प्रतीवर पट्टी लावायची तर पहिलं काम त्या प्रतीचं खरं प्रमाण शोधणं. त्यासाठी नकाशात ज्यावर माप लिहिलेलं आहे अशी लांबात लांब रेषा निवडायची. भाच्यानं प्लॉटच्या बाजू घेतल्या होत्या. त्या चार सेंटिमीटरच्या आसपासच्या. एवढ्या लहान रेषेवर पट्टी वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ती एक टक्क्याहून जास्त होते, आणि शोधायचे असतात फक्त तीन टक्के. आम्ही पूर्ण गटाची उत्तरेकडची हद्द घेतली. तिच्यावर १२४.०० मीटर लिहिलं होतं. १:५०० असेल तर ती कागदावर २४८ मिलिमीटर भरायला हवी. भरली साडेदोनशे चाळीस, म्हणजे २४०.५. मग आडवी रेषा झाली म्हणून उभी घेतली, कारण झेरॉक्स यंत्रात कागद ओढला जाताना एकाच दिशेनं ताणला गेलेला मी पाहिला आहे. पूर्वेची हद्द ९८ मीटर लिहिलेली. कागदावर १९६ ऐवजी १९० मिलिमीटर. दोन्ही दिशांना तूट सारखी.

१२४ मीटरला २४०.५नं भागलं की या कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे ०.५१६ मीटर, असं निघतं. म्हणजे भाच्याच्या हातातला नकाशा १:५००चा नसून १:५१६चा होता. ज्या नकाशात आकड्याच्या जोडीला काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची आखलेली पट्टीही असते तिथे हे काम सोपं होतं. नकाशा लहान झाला की ती पट्टीही तेवढीच लहान होते, त्यामुळे ती खोटं बोलत नाही. या प्रतीवर ती नव्हती.

अंतरात तीन टक्के तूट म्हटलं की ती किरकोळ वाटते. क्षेत्रफळात मात्र ती दोनदा शिरते, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत. ०.९७ गुणिले ०.९७ म्हणजे ०.९४. शंभरातले सहा गेले. याच गोष्टीची दुसरी बाजू मी नवशिक्या मुलांकडे नेहमी पाहतो. १:५००च्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, हे त्यांना पाठ असतं, आणि त्या ओघात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे पाच चौरस मीटर असं ते लिहून मोकळे होतात. ते पंचवीस असतं. प्रमाणाचा वर्ग करायचा विसरलं तर उत्तर पाचपट चुकतं. प्रमाण किंचित चुकलं तर ती किंचित चूकही दुप्पट होऊन येते.

भाच्यानं क्षेत्रफळाची पद्धत मात्र अगदी बरोबर वापरली होती. प्लॉटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांमधून त्यानं कर्ण ओढला होता, त्यानं प्लॉटचे दोन त्रिकोण झाले होते, आणि गुण्या लावून उरलेल्या दोन्ही कोपऱ्यांपासून कर्णावर लंब टाकले होते. कर्ण ४२ मिलिमीटर. लंब एक २६ आणि दुसरा ३०.५, दोन्ही मिळून ५६.५. कर्णाला लंबांच्या बेरजेनं गुणून निम्मं केलं की कागदावरचं क्षेत्रफळ ११८६.५ चौरस मिलिमीटर. त्यानं अर्ध्या मीटरचा हिशेब लावला, म्हणून २९७ आलं. आम्ही तोच हिशेब नव्या प्रमाणानं केला. कर्ण २१.६७ मीटर, लंबांची बेरीज २९.१५ मीटर, गुणाकाराचं निम्मं ३१५.९.

“म्हणजे तरी वीस मीटर कमीच,” भाचा म्हणाला.

आता विकणाऱ्याच्या आकड्याकडे वळायला हरकत नव्हती. पण त्याआधी आमचं स्वतःचं उत्तर किती भरवशाचं आहे हे पाहणं भाग होतं. साधी फूटपट्टी डोळ्यांनी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही, शिवाय छापलेल्या रेषेलाही जाडी असते. या कागदावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २६ सेंटिमीटर, एका वितीहून थोडं जास्त. समजा, माझं नशीब इतकं वाईट की कर्ण आणि दोन्ही लंब असे तिन्ही ठिकाणी मी अर्धा-अर्धा मिलिमीटर कमीच वाचला. मग खरं उत्तर ३२५पर्यंत जाईल. तिन्ही ठिकाणी जास्त वाचला असेन तर ३०७पर्यंत खाली येईल. पट्टीनं आणि कागदानं याच्या पलीकडे काही सांगता येत नाही. प्लॉट ३१४ आहे की ३१८, यावर या नकाशाच्या आधारानं कुणाशी भांडू नये. पण ३३६ हा आकडा या पट्ट्यात कुठेच बसत नव्हता. सगळ्या चुका विकणाऱ्याच्या बाजूनं धरल्या तरी बसत नव्हता.

मग ३३६ आले कुठून? भाच्यानं तिथूनच एजंटला फोन लावला. त्या माणसानं जराही न अडखळता सांगितलं. समोरची बाजू १५ आणि मागची १७, सरासरी १६. एक अंग २० आणि दुसरं २२, सरासरी २१. सोळा एकवीस ३३६. “चारी बाजू टेप लावून मोजा, एक इंच कमी निघाला तर सांगा,” असंही म्हणाला, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता. बाजू खऱ्याच होत्या.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायची ही रीत आपल्याकडे गावोगाव चालते आणि ती फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तानं सातव्या शतकात तिची नोंद केली आहे, पण स्थूल क्षेत्रफळ म्हणून. सूक्ष्म क्षेत्रफळासाठी त्यानं वेगळं सूत्र दिलं, आणि तेसुद्धा ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात अशाच चौकोनाला लागू पडतं. सरासरीची रीत काटकोनी प्लॉटला अचूक उत्तर देते. प्लॉट जरा कलला की ती खऱ्याहून जास्तच क्षेत्रफळ दाखवते, कमी कधीच दाखवत नाही. म्हणून ती विकणाऱ्याच्या तोंडी जास्त ऐकू येते, असं माझं निरीक्षण आहे.

कारण समजायला घरातली खाट डोळ्यांसमोर आणावी. खिळखिळ्या झालेल्या खाटेला एका कोपऱ्यातून ढकललं की ती तिरपी होते. चारही दांड्यांची लांबी होती तेवढीच राहते, पण आतली जागा कमी होते. आणखी ढकलली तर आणखी कमी. चार बाजू सांगितल्या म्हणून चौकोन ठरत नाही; तो किती कलला आहे हे सांगणारं पाचवं माप लागतं. भास्कराचार्यांनी ११५०च्या लीलावतीत हे फार तिखट शब्दांत मांडलं आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर द्यायला बसणाऱ्याला त्याहून मोठं. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. हे शहाणपण आपल्याच खानदेशात कोरून ठेवलेल्या नावाचं आहे, आणि प्लॉटच्या व्यवहारात ते कुणी वापरत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जमीन मोजणाऱ्यांनी मात्र ते कधी सोडलं नव्हतं. मुंबई इलाख्यातली जुनी मोजणी शंकू-साखळीनं झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. शेताच्या बांधावरून नुसती साखळी फिरवून ते क्षेत्रफळ काढत नसत. शेतातून एक लांब रेषा आखत, बहुधा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि बांधाच्या प्रत्येक वळणापासून शंकूच्या मदतीनं तिच्यावर लंब टाकत. जुनी टिपणं पाहिलीत तर ती रेषा आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेले लंब आजही दिसतात. भाच्यानं कागदावर गुण्यानं जे केलं ते नेमकं हेच.

त्या सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही जागेवर गेलो. रस्ता गटाच्या हद्दीला तिरका शिरत असल्यामुळे त्या रांगेतले सगळेच प्लॉट एका बाजूला कललेले होते. उभं राहून पाहिलं तर कळतही नव्हतं. हद्दीचे चारही दगड जागेवर होते. आधी बाजू मोजल्या, त्या एजंटनं सांगितल्याप्रमाणे दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकानं जुळल्या. मग टेप आडवा टाकला. आखूड कर्ण २१.७० मीटर भरला. लांब कर्णाला तीस मीटरचा टेप थोडक्यात अपुरा पडला. मध्ये खुंटी ठोकून दोन टप्प्यांत मोजला, तो ३०.३५.

खरं म्हणजे हे दोन आकडे ऐकूनच निकाल लागला होता. गवंडी घराचं लाइनआउट घालताना दोन्ही कर्ण जुळवतो, कारण काटकोनी चौकोनात ते सारखे असतात. सोळा बाय एकवीसचा प्लॉट असता तर दोन्ही कर्ण २६.४०च्या आसपास यायला हवे होते. इथे एक त्याहून पावणेपाच मीटरनं आखूड आणि दुसरा चार मीटरनं लांब. ज्याला पुढचा हिशेब करायचा नसेल त्यानं एवढं जरी पाहिलं तरी सरासरीची रीत या प्लॉटला चालणार नाही हे कळतं.

जागेवर लंब टाकणं कटकटीचं असतं, म्हणून तिथे मी तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढतो. तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं घ्यायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, आणि ते निम्मं व तिन्ही वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. मोबाइलमधल्या गणकयंत्रावर दोन मिनिटांत होतं. पहिल्या त्रिकोणाच्या बाजू १५, २० आणि २१.७०. बेरजेचं निम्मं २८.३५. वजाबाक्या १३.३५, ८.३५ आणि ६.६५. वर्गमूळ १४४.९७. दुसरा त्रिकोण २२, १७ आणि तोच २१.७०, त्याचं उत्तर १७१.०७. दोन्ही मिळून ३१६.०४ चौरस मीटर. लांब कर्ण धरून दुसऱ्या पद्धतीनं दोन त्रिकोण पाडले तरी उत्तर तेच आलं, म्हणजे टेप वाचण्यात कुठे घोळ झाला नव्हता.

फरक वीस चौरस मीटरचा. आपल्या बोलीत २१५ चौरस फूट. सव्वातीन गुंठ्यांहून जास्त म्हणून सांगितलेला प्लॉट प्रत्यक्षात तीन गुंठे आणि वर थोडा, असा होता. चौरस फुटाला दीड हजाराचा भाव ठरला होता, तेव्हा सव्वातीन लाखांना थोडे कमी, एवढी रक्कम नसलेल्या जमिनीसाठी जाणार होती.

ही जागा सपाट होती म्हणून टेप जमिनीवर ठेवून चाललं. नकाशातलं अंतर नेहमी आडवं, पाण्याच्या पातळीसारखं सपाट धरलेलं असतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर, जिथे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर चढावं लागतं, तिथे नकाशातले वीस मीटर उतारावरच्या टेपला वीस मीटर चाळीस सेंटिमीटर भरतात. अशा ठिकाणी टेप हवेत आडवा ताणून, ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्यानं मोजावं लागतं. नाहीतर उताराचं माप घेणाऱ्याला आपला प्लॉट नकाशाहून मोठा आहे असं उगाच वाटतं. आणि हद्दीचे दगडच जागेवर नसतील, किंवा शेजाऱ्याशी त्यांच्यावरून वाद असेल, तर माझ्या टेपला काहीच अर्थ नाही. तिथे भूमी अभिलेखाकडे रीतसर मोजणीचा अर्ज करायचा.

मोबाइलवर आलेल्या नकाशाच्या फोटोवर पट्टी लावून विचारणारेही मला भेटतात. फोटो थोडासा जरी तिरका काढला असेल तर कागदाची जवळची कड मोठी आणि दूरची लहान होते, म्हणजे एकाच फोटोत दर इंचाला प्रमाण बदलत जातं. त्यावर लिहिलेले आकडे वाचावेत; त्याला पट्टी लावू नये. कागदावरही लिहिलेलं माप आणि पट्टीनं मोजलेलं माप यांत फरक आला तर नकाशा काढणारे आम्ही लोक लिहिलेलं धरतो, कारण रेषा छापताना हलते, आकडा हलत नाही. पट्टीचा उपयोग लिहिलेल्या आकड्याबद्दल शंका काढण्यापुरता, आणि जिथे आकडाच लिहिलेला नाही तिथे अंदाज घेण्यापुरता. आमच्या नकाशात कर्णावर आकडा नव्हता. बहुतेक लेआउटवर तो नसतोच.

विसाराची तारीख आठवडाभर पुढे गेली. दरम्यान भाच्यानं मंजूर लेआउटची पूर्ण आकाराची प्रत मिळवली. त्याच्याकडची प्रत कापून दिलेली होती. मूळ नकाशाच्या उजव्या कडेला प्लॉटवार क्षेत्रफळाचा तक्ता होता आणि त्यात या प्लॉटसमोर ३१६.०० लिहिलेलं होतं. विकणाऱ्यानं तक्ता पाहिल्यावर वाद घातला नाही, किंमत त्या आकड्यावर आणली. करारनाम्याच्या मसुद्यात चारही बाजूंची मापं होतीच. त्यांच्या खाली भाच्यानं आणखी एक ओळ घालून घेतली, कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत कर्ण २१.७० मीटर.